सव्वीस पॉइंट आठ

मल्लम्मा अक्कांचा फोन आला तेव्हा शिवरुद्र सोनपेठच्या आपल्या दुकानात पाणबुडी मोटारीचं वाइंडिंग भरत होता. पाच वाजून गेले होते.

"शिवरुद्रा, तू आत्ताच्या आत्ता ये," अक्का म्हणाल्या. पुढं काही बोलल्याच नाहीत. फोन मात्र चालूच राहिला, आणि त्यातून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता.

अक्कांचं चॉकी सेंटर गावाबाहेर, गोदावरीकडं जाणाऱ्या रस्त्याला होतं. रेशमाच्या अंड्यांतून निघालेल्या आळ्या पहिले आठ दिवस फार नाजूक असतात. शेतकऱ्याच्या शेडमध्ये त्या जगवणं अवघड, म्हणून सेंटरवाले त्यांना वाढवतात आणि दुसरी कात टाकून झाली की वाटून देतात. नवरा गेल्यावर अक्कांनी स्वतःच्या हिमतीवर हे सेंटर उभं केलं होतं. अकरा गावांचे शेतकरी त्यांच्याकडून चॉकी, म्हणजे या वाढवलेल्या आळ्या, नेत. या खेपेला हजार अंडीपुंजांची बॅच होती, म्हणजे चारएक लाख आळ्या. परवा वाटप व्हायचं होतं. शेतकऱ्यांनी शेडं धुऊन, चुना मारून तयार ठेवली होती आणि तुतीचा पाला तोडणीला आला होता.

शिवरुद्र पोचला तेव्हा आळ्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून भट्टीसारखी झळ बाहेर येत होती. अक्का ट्रेच्या रांगेपुढं उभ्या होत्या. पंचावन्न वर्षांची उंच बाई, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. त्यांनी एक ट्रे ओढून त्याच्यापुढं धरला.

"मला आधी वाटलं, कातेत बसल्यात," त्या म्हणाल्या. "कातेत त्या हलत न्हाईत, हे मला ठावं हाय. पण कातेतली आळी डोकं वर धरून बसते. हे बघ."

सगळ्या आळ्या डोकं टाकून पडल्या होत्या. मऊ, लोळागोळा झालेल्या. काहींच्या तोंडातून हिरवट पाणी आलं होतं. शिवरुद्रनं दुसरा ट्रे ओढला, मग तिसरा. खालच्या रांगेत, फरशीजवळ, काही थोड्या अजून वळवळत होत्या. मागच्या भिंतीवर जुना काचेचा तापमापक लटकत होता. त्यातला पारा बेचाळीसवर होता.

दुसऱ्या अवस्थेच्या आळीला सव्वीस-सत्तावीस अंश लागतात.

तो बाहेर ओसरीवर आला. दाराशेजारी भिंतीवर त्यानं स्वतः बसवलेली पांढरी प्लास्टिकची पेटी होती, खोलीचं तापमान मोजून आतला हीटर चालू-बंद करणारी. पेटीच्या तोंडावर बोटाच्या दोन पेरांएवढा ओएलईडी डिस्प्ले, आणि त्याखाली एक गोल बटण. काळ्या काचेवर ठळक निळे आकडे उमटले होते: २६.८.

आत बेचाळीस. बाहेर सव्वीस पॉइंट आठ.

ओसरीच्या पायरीवर तानुबाई बसली होती आणि पदरात तोंड खुपसून रडत होती. फोनवर ऐकू आलेला आवाज तिचाच होता. आठ वर्षं ती या सेंटरवर पाला चिरायची, ट्रे झाडायची. आळ्या कातेत बसल्या की त्यांना पाला द्यायचा नसतो, दार उघडायचं नसतं, धक्का लागू द्यायचा नसतो. त्या दिवसांत तिचं काम एकच असायचं: ओसरीवर बसायचं आणि दर तासाला डिस्प्लेवरचा आकडा वहीत लिहायचा. साक्षरता वर्गात ती आकडे शिकली होती. आज अक्का सकाळी परभणीला रेशीम कार्यालयात गेल्या होत्या आणि सेंटर तिच्यावर सोपवलं होतं.

"हे बघ तिची वही," अक्कांनी वही त्याच्या हातात दिली. आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्तच भीती वाटली. "सकाळी आठला सव्वीस पॉइंट दोन. नऊला सव्वीस पॉइंट पाच. धाला सव्वीस पॉइंट आठ. आन् तिथून पुढं? अकराला आठ, बाराला आठ, एकला आठ, पाचपस्तोर आठच. माज्या जल्मात कधी एवढं सारकं तापमान पाह्यलं न्हाई मी. एका जागी बसून एकाच दमात लिवलंय हिनं."

"न्हाई वो अक्का," तानुबाई पदराआडून म्हणाली. "दर तासाला उठून बघितलं. काचेत तेच हुतं. शपथ घेते."

"गप बस. झोपली असशील, न्हाई तर घरी गेली असशील."

शिवरुद्रनं वहीतल्या त्या ओळी पाहिल्या. आकडे वेडेवाकडे होते, पण प्रत्येकाची शाई वेगळ्या दाबाची होती. बाराच्या आकड्यावर पाण्याचा थेंब पडून तो पसरला होता, एकचा कोरडा होता. एका दमात लिहिलेलं नव्हतं ते. आणि खोलीचं तापमान सात तास दशांशानं सुद्धा हलत नाही, हेही त्याला अक्कांइतकंच कळत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर उत्तर एकच होतं.

अक्का आत वळल्या तसं त्यानं गोल बटणाला हात घातला. एक खटका फिरवला. डिस्प्लेच्या पहिल्या पानावरून दुसरं पान यायला हवं होतं. दुसरं गाळून एकदम तिसरं आलं, दिवसभरातलं कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान. तिथंही जास्तीत जास्त सव्वीस पॉइंट आठच. त्यानं हळूच उलटा खटका दिला. आता दुसरं पान आलं. स्टेटसचं पान. बारीक अक्षरात चार ओळी होत्या. हीटर: चालू. पंखा: बंद. वीज: ठीक. आणि शेवटची ओळ, सेन्सर: फॉल्ट.

त्यानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"काय दिसायलंय त्यात?" आतून अक्कांनी विचारलं.

शिवरुद्रनं प्लगचं बटण बंद केलं. डिस्प्ले विझला.

"काही न्हाई अक्का," तो म्हणाला. "पेटी घेऊन जातो. तपासून बघावं लागंल."

वीज तोडली की फॉल्टची नोंद पेटीत राहत नाही, हे त्याला माहीत होतं. पेटी त्यानंच बनवली होती. भिंतीवरून ती काढताना मागं अक्का तानुबाईला म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस." त्यानं ते ऐकलं. स्क्रू काढत राहिला.

*

दुकानात आल्यावर त्यानं खोलीतून आणलेली सेन्सरची तार आधी पाहिली. भिंतीतल्या भोकातून तार खोलीत जात होती तिथं त्यानं मागच्या वर्षी एक जोड दिला होता आणि वर टेप गुंडाळला होता. टेप सोडला. आतलं तांबं हिरवं होऊन भुकटी झालं होतं. प्रत्येक बॅचनंतर खोली ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुतात. त्या पाण्यानं जोड खाल्ला होता.

पण जोड तुटणं हा अपघात होता. उरलेलं त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं होतं.

मागच्या हिवाळ्यात पेटी नवी असताना एके दिवशी डिस्प्लेवर अचानक उणे एकशे सत्तावीस दिसलं होतं. तार हलली, सेन्सरचं उत्तर आलं नाही, की प्रोग्रॅमला तोच आकडा मिळतो. क्षणभरच दिसला, पण अक्का घाबरल्या. गावातल्या दोन शेतकऱ्यांपुढं ते घडलं होतं. "तुजी मशीन येडी हाय का रे?" त्यांनी फोनवर विचारलं होतं. त्याला ते लागलं. त्यानं प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: असा आकडा आला तर तो टाकून द्यायचा, आधीचा चांगला आकडाच धरून ठेवायचा. आणि सेन्सर बिघडल्याची नोंद? ती त्यानं स्टेटसच्या पानावर टाकली. पहिलं पान स्वच्छ दिसलं पाहिजे. नंतर उणे एकशे सत्तावीस पुन्हा कधी दिसलं नाही आणि अक्का खूश झाल्या.

हीटर चालू-बंद करणारा भाग तोच धरून ठेवलेला आकडा वाचत होता. सव्वीस पॉइंट पाचच्या खाली चालू, सत्तावीस पॉइंट पाचला बंद. सकाळी दहाला खोली तापत असताना, हीटर चालू असताना, जोड सुटला. तिथून पुढं पेटीच्या लेखी खोली सव्वीस पॉइंट आठवर थांबली, म्हणून हीटर बंद करायची वेळ कधी आलीच नाही. वर पत्रा आणि दुपारचं ऊन.

आणि ते बटण. फिरवायच्या त्या बटणाच्या आत दोन संपर्क असतात. कोणता आधी जुळतो त्यावरून बटण डावीकडं फिरलं की उजवीकडं ते कळतं. पण स्वस्तातल्या बटणात संपर्क जुळताना थरथरतात, आणि एका खटक्याचे दोन मोजले जातात. म्हणून पहिल्या पानावरून स्टेटस गाळून तिसरं पान यायचं. थरथर गाळायला प्रोग्रॅममध्ये दहा-बारा ओळी पुरल्या असत्या. तानुबाईनं स्वतः त्याला सांगितलं होतं, "भाऊ, हे दोन पानं उडतंय." तो म्हणाला होता, "मावशी, त्याला हात लावू नका. पहिलं पान तेवढं बघा. मी येऊन नीट करतो." ती गोष्ट पावसाळ्यातली. आता पौष चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पेटीला नवा सेन्सर जोडला, चालू केली, आकडा स्थिर झाल्यावर हातानं तार उपटली. डिस्प्लेवर २२.४ दिसत राहिलं. सेन्सर टेबलावर नुसता पडला होता आणि पेटी शांतपणे २२.४ सांगत होती. त्याची बायको शिवरंजनी शाळेत निघाली होती, ती थबकून बघत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची.

"मग हे कुठलं तापमान?" तिनं विचारलं.

"मगाचं."

"मगाचं आहे असं कुठं लिहिलंय?"

"दुसऱ्या पानावर."

 शिवरंजनीनं पिशवी खांद्याला अडकवली. दारात थांबून म्हणाली, "तानुबाईला काढलं म्हणतात. शाळेत तिची नात आहे माझ्या वर्गात. आज बाकीची पोरं तिला आळीमारी म्हणायला लागतील. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

*

तानुबाई घरी नव्हती. ती गावाच्या पलीकडं एका वावरात फरदडीचा कापूस वेचत होती. उशिराच्या कापसाची झाडं वाळून काटक्या झाली होती, बोंडं खुरटी होती. शिवरुद्र बांधावर उभा राहिला. तिनं त्याला पाहिलं आणि वेचत राहिली.

"मावशी, तुमची काही चूक नव्हती," तो म्हणाला. "आकडा अडकला होता. तुम्ही लिहिलं ते बरोबर लिहिलं. पेटीत माझी चूक होती."

तिचा हात थांबला. चेहऱ्यावर आनंद आला नाही, रागही आला नाही. 

"भाऊ, एक इचारू का?"

"विचारा."

"बाराच्या सुमाराला मी दाराला हात लावला हुता. दार गरम लागलं. परत एकला लावला, तर चटका बसायला. मला वाटलं उघडून बघावं. मग काचेत बघितलं तर सव्वीस. म्हन्लं, ऊन पडायलंय दारावर, म्हून तापलं आसंल. आपला हात काय, मशीनला जास्त कळतं." तिनं बोंडातून कापूस ओढला. बोटाला काटा लागून रक्त आलं, तिनं ते लुगड्याला पुसलं. "तवा उघडलं असतं तर वाचल्या असत्या का?"

शिवरुद्रला खोटं बोलता आलं असतं. बारा वाजता खोली छत्तीस-सदतीसवर असेल. दार उघडलं असतं, हीटर बंद केला असता, तर निम्म्याहून जास्त वाचल्या असत्या.

"बऱ्याच वाचल्या असत्या," तो म्हणाला.

तानुबाई मटकन खाली बसली. "मला कळत हुतं," ती म्हणाली. "आठ वर्सं त्या खोलीत राबले. उबेवरून मला कळतं किती हाय ते. मला कळत हुतं आन् मी उघडलं न्हाई."

 आपण खरं सांगून तिच्यावरचा एक आरोप उचलला आणि दुसरा, त्याहून जड, तिच्याच हातानं तिच्यावर ठेवायला लावला, असं त्याला वाटलं.

"माझ्याबरोबर चला," तो शेवटी म्हणाला. "अक्कांपुढं सांगतो मी."

"तुमी सांगा. मी येत न्हाई."

*

अक्कांच्या अंगणात वीस-पंचवीस शेतकरी जमले होते. वाटपाचा दिवस होता आणि वाटायला काही नव्हतं. खोलीतल्या आळ्या पोत्यांत भरून सेंटरच्या मागं खड्ड्यात पुरल्या होत्या. तरी वास येत होता. बजरंग नावाचा एक तरणा शेतकरी बोलत होता. त्यानं यंदा पहिल्यांदाच तुती लावली होती.

"अक्का, एका बाईच्या झोपंनं आमचा सगळा पाला वाया? दुसरी बॅच यायला म्हैना लागंल. तवर पाला जरड होऊन खायच्या लायक ऱ्हात न्हाई."

"बाईला काढलंय मी," अक्का म्हणाल्या. "अजून काय करू?"

शिवरुद्र पुढं झाला. त्यानं पेटी ओट्यावर ठेवली. घरून तो मनाशी वाक्यं जुळवत आला होता, त्यातलं एकही आठवेना. म्हणून त्यानं नुसतं दाखवलं. पेटी चालू केली. डिस्प्लेवर तापमान आलं. मग त्यानं सर्वांदेखत सेन्सर उपटून बजरंगच्या मुठीत दिला.

"घट्ट धरा. तुमच्या मुठीत चौतीस-पस्तीस तरी अंश असतील. काचेत बघा."

आकडा हलला नाही. माणसं वाकून वाकून बघायला लागली. मग त्यानं दुसरं पान लावायचा प्रयत्न केला; बटण तिसऱ्यावर उडालं. त्यानं परत फिरवलं, आणि सेन्सर फॉल्टची ओळ दाखवली. "हे परवा दिसत होतं. मी बघितलं आणि पेटी बंद केली. अक्कांना सांगितलं नाही. तानुबाई झोपली नव्हती. तिनं जे दिसलं तेच लिहिलं."

 मग अक्का उठल्या. त्या त्याला मारतील असं त्याला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"परवा संध्याकाळी सांगितलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर मी त्या बाईला शिव्या दिल्या नसत्या. अकरा गावांत फोन करून तिचं नाव सांगितलं नसतं. आळ्या मेल्या त्या तुज्या चुकीनं मेल्या. पण हे दुसरं तू मला करायला लावलंस." त्यांचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला आणि तिथंच थांबला. "जा आता."

बजरंगनं सेन्सर ओट्यावर ठेवला. तो पायताण घालून निघाला तसे बाकीचेही एकेक करून निघाले. कुणी शिवरुद्रला शिवी दिली नाही.

अक्का त्याच दिवशी तानुबाईच्या घरी गेल्या. तिच्या दारात उभं राहून, शेजारीपाजारी ऐकतील असं त्यांनी तिची माफी मागितली. तानुबाईनं त्यांना चहा दिला. पण कामावर परत यायला ती तयार झाली नाही. "मला आता त्या खोलीत जायला भ्या वाटतंय," एवढंच म्हणाली. अक्कांनी फेब्रुवारीत नवी बॅच घेतली, अडीचशे अंडीपुंजांची. अकरा गावांपैकी चार गावांनीच चॉकी नेली. खोलीत तीन काचेचे तापमापक लावले, दारात झरोका पाडला. शिवरुद्रची पेटी परत लावली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

*

त्याच प्रोग्रॅमच्या आणखी तीन पेट्या बाहेर होत्या. शिवरुद्रनं प्रोग्रॅम बदलला. आता सेन्सरचं उत्तर आलं नाही की हीटर लगेच बंद होई, कुठलंही पान असलं तरी पूर्ण डिस्प्लेवर आकड्याऐवजी आडव्या रेघा आणि सेन्सर बंद ही अक्षरं लुकलुकत, आणि भोंगा वाजे. बटणाची थरथरही त्यानं काढून टाकली. एका खटक्याला एकच पान. हे करायला त्याला एक दुपार लागली.

तो एकेका ठिकाणी गेला. मानवतला एकाकडं होती, सेलूत एकाकडं. दोघांनीही प्रोग्रॅम बदलून घेतला. त्यांनी विचारलं नाही, आणि त्यानं फक्त सुधारणा केली आहे असं सांगितलं. सेलूहून परतताना एसटीत त्याला स्वतःची शिसारी आली.

तिसरी पेटी पिंगळी स्टेशनजवळ भुजंग नावाच्या माणसाकडं होती. तो गावरान कोंबड्यांची अंडी उबवायचा. शिवरुद्रनं नवा प्रोग्रॅम टाकला आणि भुजंगलाच तार उपटायला सांगितली. भोंगा ओरडला, डिस्प्ले लुकलुकला, उबवणीच्या पेटीतला बल्ब विझला.

"झकास," भुजंग म्हणाला. "मग आदी का नव्हतं हे?"

शिवरुद्रनं आधी काय होतं ते सांगितलं. सोनपेठला काय झालं तेही सांगितलं. आळ्या, वही, तानुबाई, आणि प्लगचं बटण बंद केलं तेही.

 भुजंगनं पेचकस मागून घेतला, पेटीचे चारही स्क्रू काढले, तारा सोडवल्या आणि पेटी शिवरुद्रच्या हातात दिली.

"पेटी चांगली आसंल," तो म्हणाला. "पर मला दुसऱ्या कुनाची तरी बघू द्या."

शिवरुद्रनं पेटी पिशवीत घातली आणि स्टेशनकडं चालू लागला. सेलूच्या आणि मानवतच्या मालकांचे नंबर त्याच्या फोनमध्ये होते. फलाटावरच्या बाकावर बसून त्यानं आधी सेलूचा लावला.